तुंबलेल्या पाण्यातून कुत्रा गेला? आधी कॅलेंडरवर तारीख लिहा

आमचा भुऱ्या देशी आहे, सहा वर्षांचा, अठरा किलोचा. ठाण्यात तळमजल्यावर राहतो आम्ही. गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी सोसायटीच्या आवारात गुडघाभर पाणी होतं. त्याला शूला तर न्यायलाच हवं, म्हणून गेटपर्यंत त्या पाण्यातूनच नेलं. पाच मिनिटांत परत आलो. जुन्या टॉवेलनं अंग पुसलं आणि विषय तिथेच विसरले.

पुढच्या आठवड्यात बुधवारी त्यानं सकाळची पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं. दिवसभर बाथरूमच्या थंड फरशीवर पडून राहिला. पोट बिघडलं असेल असं वाटून मी ताक-भात दिला, तोही तसाच राहिला. गुरुवारी दोनदा पिवळसर उलटी झाली. मागचे पाय आखडल्यासारखे झाले होते, पलंगावर एका उडीत चढणारा कुत्रा खाली उभा राहून नुसता बघत होता. पाणी मात्र वाडगेच्या वाडगे पीत होता. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ताप १०३.८ निघाला. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, पण १०३.८ म्हणजे ताप.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, गोचिड्या होत्या का अंगावर?" होत्या, त्याच आठवड्यात कानामागच्या दोन काढल्या होत्या. मग सगळं बोलणं गोचीड तापाच्या दिशेनं गेलं. आवारातल्या पाण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मलाही ते आठवलं नाही. रक्ताचा रिपोर्ट आला. प्लेटलेट ९२ हजार होत्या, आणि त्या गोचीड तापातही उतरतात. पण मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन ३.४ होतं. मोठ्या कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असायला हवं. तो आकडा बघून डॉक्टर थांबले आणि त्यांनी विचारलं, "हा गेल्या दोन आठवड्यांत साचलेल्या पाण्यात गेला होता का?"

तो प्रश्न आल्यावर मी बोटांवर दिवस मोजले. मंगळवार ते पुढचा बुधवार, आठ दिवस. लेप्टो म्हणजे साचलेल्या पाण्यातल्या लेप्टोस्पायरा जिवाणूमुळे होणारा आजार, आणि त्याचं गणित यात तंतोतंत बसत होतं. भुऱ्या वाचला, आज तो माझ्या पायाशी झोपलाय. पण पाण्याची तारीख मी पहिल्या वाक्यात सांगितली असती तर त्या संध्याकाळचे दोन तास वाचले असते. म्हणून हा लेख तारखेभोवती लिहिला आहे: पावसाळ्याआधी काय करायचं, पाण्यात गेला त्या दिवशी काय करायचं, आणि त्यानंतरचे पंधरा दिवस काय बघायचं.

पाण्यात नेमकं असतं काय

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा वळलेला, अतिशय बारीक जिवाणू आहे. तो पाण्यात आपोआप तयार होत नाही. उंदीर आणि घुशी तो आपल्या मूत्रपिंडात बाळगतात, स्वतः आजारी पडत नाहीत आणि आयुष्यभर लघवीतून तो बाहेर टाकत राहतात. गुरं, म्हशी, डुकरं आणि कुत्रेही तो पसरवू शकतात, पण शहरात मुख्य हात घुशींचाच. उन्हाळ्यात ही लघवी सुकते आणि जिवाणू मरतो, कारण कोरडेपणा त्याला अजिबात सोसत नाही. पावसाळ्यात मात्र उबदार हवा, ओली माती आणि सावलीतलं गोडं पाणी असं सगळं त्याच्या मनासारखं असतं. अशा चिखलात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो फार काळ तग धरत नाही, त्यामुळे चौपाटीवरच्या लाटांपेक्षा तिथे येऊन मिळणारा नाला जास्त धोक्याचा.

शरीरात शिरायला त्याला मोठी जखम लागत नाही. पंजाच्या गादीवरची बारीक चीर, बोटांच्या बेचक्यातली खाजवून लाल झालेली कातडी, डोळे, नाक आणि तोंडातली ओली त्वचा त्याला पुरते. बराच वेळ पाण्यात भिजून मऊ पडलेल्या कातडीतूनही तो आत जातो. डबक्यातलं पाणी प्यायला तर सरळच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोची मोठी लाट आली. पूर आला की घुशींची बिळं बुडतात, त्या वर येतात आणि गटाराचं पाणी आवारात शिरतं. पण भुऱ्याच्या डॉक्टरांचा अनुभव असा की त्यांच्याकडे येणारे बरेचसे कुत्रे महापुरातून गेलेले नसतात. कचराकुंडीमागचं, वडापावच्या गाडीशेजारचं, चेंबरच्या झाकणाभोवतीचं हातभर रुंदीचं डबकं त्यांना पुरलेलं असतं. पुराच्या दिवशी आपण सावध असतो. डबकं रोजचंच असतं, म्हणून त्याकडे डोळेझाक होते.

एप्रिल-मे: लस, आणि लेबल वाचणं

लेप्टोची लस असते, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या कुत्र्याला ती दरवर्षी द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो फ्लॅटमध्ये राहणारा असो की वाड्यात. पण तिच्याबद्दल तीन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली म्हणजे वेळ. कुत्र्याला लेप्टोची लस आधी कधीच दिली नसेल, तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. एका डोसनं काम होत नाही. दुसऱ्या डोसनंतर पूर्ण संरक्षण तयार व्हायलाही दोनेक आठवडे जातात. आपल्याकडे मान्सून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. त्यावरून मागे मोजलं तर पहिला डोस एप्रिलच्या मध्याला आणि दुसरा मेच्या मध्याच्या आत व्हायला हवा. ज्यांचे दोन डोस पूर्वी झालेत त्यांना वर्षाला एक डोस पुरतो, तोही मेमध्येच घ्यावा. इथे एक मेख आहे. डिस्टेंपर, पार्व्हो यांची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांनी दिली तरी चालते असं हल्ली बरेच डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबरही आहे. लेप्टोला मात्र ही सवलत नाही, तिचं संरक्षण साधारण वर्षभराचंच. आमचं घर बदलण्याच्या गडबडीत भुऱ्याचा डोस चुकला होता. एकोणीस महिने झाले होते. इतकी मोठी फट पडली की बहुतेक वेळा पुन्हा दोन डोसांपासून सुरुवात करतात.

दुसरी म्हणजे लेबल. दवाखान्यात 'सेव्हन इन वन', 'नाइन इन वन' असं बोललं जातं, पण त्या आकड्यावरून लेप्टोचा अंदाज लागत नाही. लेप्टोचे अनेक प्रकार आहेत आणि लस तिच्यात असलेल्या प्रकारांपुरतीच चालते. साध्या लशीत दोन असतात, कॅनिकोला आणि इक्टेरोहिमोरेजी. पहिला कुत्र्यांचा, दुसरा प्रामुख्यानं उंदरांचा. चार प्रकारांच्या लशीत आणखी दोन असतात. डॉक्टर कार्डावर बाटलीचं लेबल चिकटवतात तेव्हा त्यावर इंग्रजी एल अक्षर आहे ना आणि त्यापुढे २ आहे की ४, ते बघा. एल नसेल तर त्या डोसात लेप्टो आहे का ते डॉक्टरांना विचारा. मिळत असेल तर चार प्रकारांचीच मागा.

तिसरी तिची मर्यादा. लस घेतलेला कुत्राही आजारी पडू शकतो, कारण डबक्यातला प्रकार लशीत नसलेला असू शकतो. म्हणून लस झाली असली तरी पुढचं सगळं वाचा.

पिल्लांना ही लस साधारण बारा आठवड्यांचं वय झाल्यावर सुरू करतात. जूनमध्ये घरी आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू ऐन पावसाळ्यात उघडं असतं. त्याला दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका. कडेवर घेऊन फिरवा आणि शी-शूची सवय बाल्कनीत किंवा गच्चीवर लावा.

रोजचं फिरणं: रस्ता, वेळ, पाण्याची बाटली

पावसाळ्यात कुत्र्याला बाहेर न्यायचंच नाही हे शक्य नाही, म्हणून मी रस्ता बदलला. पाऊस थांबल्यावर एकदा एकटीच फिरून बघितलं की पाणी कुठून वाहून जातं आणि कुठे साचतं. आमच्या मागच्या गल्लीला उतार आहे, तिथे तासाभरात रस्ता कोरडा होतो. पुढचा रस्ता चांगला रुंद, पण बेकरीच्या मागे घुशींची बिळं आहेत आणि चेंबर तुंबतं. आता चार महिने आम्ही फक्त मागच्या गल्लीनं जातो. तुमच्या भागात बिळं, चेंबरची झाकणं, कचऱ्याची जागा आणि खाण्याच्या गाड्या कुठे आहेत ते एकदा बघून घ्या. तिथलं डबकं टाळलं की धोक्याचा मोठा भाग टळतो. ऊन पडलं असेल तर फिरणं त्या वेळेवर ढकला, कारण सुकलेल्या जमिनीवर हा जिवाणू टिकत नाही.

निघण्याआधी घरात पोटभर पाणी पाजा आणि बाटली सोबत घ्या. तहानलेला कुत्रा डबक्याला तोंड लावणारच, मग नुसतं ओरडून उपयोग नाही. पट्टा आखूड ठेवा. लांब सुटणाऱ्या पट्ट्यावर कुत्रा डबक्यात पोचतो तेव्हा आपण दहा फूट मागे असतो.

कुत्र्याच्या रबरी बुटांबद्दल लोक मला विचारतात. आम्ही वापरून पाहिले. घोट्यावरून पाणी आत शिरतं आणि घरी येईपर्यंत पंजा त्याच पाण्यात मुरतो, म्हणजे बूट नसते तर बरं अशी स्थिती. पंजाला जखम असेल आणि फक्त ओल्या रस्त्यावरून दहा मिनिटं जायचं असेल तर ठीक. साचलेल्या पाण्यासाठी ते नाहीत.

घरचं वाडगं

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. रात्री व्हरांड्यात भुऱ्याच्या वाडग्यात उरलेला भात राहायचा आणि शेजारी पाण्याचं भांडं. सकाळी भात संपलेला दिसायचा, मला वाटायचं त्यानंच रात्री खाल्ला. एका रात्री दिवा लावला तर वाडग्यावर घूस. घूस जिथे खाते तिथेच मुतते, आणि सकाळी तेच पाणी कुत्रा पितो. तळमजल्यावर किंवा बंगल्यात राहणाऱ्यांनी रात्री वाडगं आणि पाण्याचं भांडं घरात घ्यावं, सकाळी घासून पाणी बदलावं. कोरड्या खाण्याची पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालत असाल तर ते खाऊन झालं की उरलेलं उचला.

घुशींसाठी विषाच्या वड्या टाकायच्या असतील तर कुत्रा जिथे पोचतो तिथे अजिबात नको. ते विष रक्त गोठू देत नाही, आणि कुत्र्यानं खाल्लं तर अंतर्गत रक्तस्रावानं जीव जातो. पिंजरा लावा, बिळं बुजवा. पिंजऱ्यातली किंवा मेलेली घूस कुत्र्याला तोंडात धरू देऊ नका. देशी कुत्र्यांना हा नाद असतोच.

पाण्यात गेलाच तर: पहिला तास

घरात शिरायच्या आधी दारातच नळाच्या वाहत्या पाण्यानं चारही पाय आणि पोट धुवा. साधा साबण किंवा कुत्र्याचा शाम्पू पुरतो. डेटॉलसारखं काही पंजाला लावू नका, ते कुत्रा चाटतो आणि ते त्याच्या पोटाला वाईट. धुताना स्वतः हातमोजे घाला, कारण तेच पाणी तुमच्या हातावर येणार आहे. डोळ्यांत चिखल गेला असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवा.

मग कोरडं करा, आणि हे काम नीट करा. टॉवेलनं पाठ पुसून होते, पण पाणी राहतं बोटांच्या बेचक्यात. एकेक बोट उघडून पुसा. केस लांब असतील तर हेअर ड्रायर मंद गरम ठेवून फिरवा. पुसतानाच बघा, गादीला चीर आहे का, नखाच्या मुळाशी रक्त आहे का, बेचक्यात लाल झालंय का. जखम दिसली तर ती पूर्ण भरेपर्यंत त्या कुत्र्याला साचलेल्या पाण्यापासून दूर ठेवा.

नंतर कॅलेंडरवर लिहा: "पाण्यात गेला." किती खोल, किती वेळ, पाणी प्यायला का, जखम होती का. एक ओळ पुरते. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते आणि पुढचे पंधरा दिवस पेन्सिलीनं खुणा करून ठेवते.

मुंबई महापालिका पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसांना २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायला सांगते. मग लोक विचारतात, तीच गोळी कुत्र्यालाही देऊ का? स्वतःच्या मनानं देऊ नका. एकदा पाण्यातून गेलेल्या प्रत्येक कुत्र्याला ती देत नाहीत. घरातल्या एका कुत्र्याला लेप्टो झाला असेल तर त्याच्यासोबत राहणाऱ्या दुसऱ्या कुत्र्यांना मात्र डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा कोर्स देतात. शिवाय अर्धवट गोळ्या दिल्या तर पुढच्या तपासण्या फसतात, ते खाली येईलच. तुम्ही स्वतः त्याच पाण्यातून गेला असाल तर तुमच्या डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी भेटा.

पुढचे पंधरा दिवस काय बघायचं

कुत्र्यात लक्षणं बहुधा पाण्यात गेल्यापासून पाच ते चौदा दिवसांत दिसतात, क्वचित आधी किंवा थोडी नंतर. सुरुवात अगदी साधी असते: खाणं सोडणं, गप्प पडून राहणं, ताप, थरथर. त्यानंतर उलट्या. स्नायू दुखतात म्हणून कुत्रा जिना चढत नाही, उचललं की कण्हतो. मूत्रपिंडावर मार बसू लागला की आधी पाणी पिणं आणि शू दोन्ही वाढतात, पुढे शू कमी होत जाते आणि बंदही होते. यकृत धरलं तर कावीळ होते. कावीळ बघायची तर ओठ वर करून हिरड्या बघा आणि दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग. पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात कानाच्या आतली कातडी बघा.

पण कावीळ दिसेपर्यंत थांबू नका, हे मी जोर देऊन सांगते. भुऱ्याला कावीळ झालीच नाही. बऱ्याच कुत्र्यांत फक्त मूत्रपिंड धरतं. काहींत फुफ्फुसात रक्त उतरतं, त्यांचा श्वास जलद आणि उथळ होतो. झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटभर मोजा. ते तीसच्या वर जात असतील तर रात्र असली तरी निघा.

माझा नियम असा: खूण केलेल्या पंधरा दिवसांत कुत्र्यानं सलग दोन वेळचं खाणं सोडलं, किंवा ताप आला, किंवा एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. घरगुती उपाय करत एक दिवस घालवणं इतर वेळी चालतं, या पंधरा दिवसांत नाही. आणि माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला एरवीही घातक असतात, इथे तर ते आधीच सुजलेलं असतं.

दवाखान्यात: गोचीड ताप की लेप्टो

आपल्याकडे घोळ इथेच होतो. पावसाळ्यात गोचिड्याही भरपूर असतात. गोचीड तापात ताप येतो, खाणं सुटतं, प्लेटलेट पडतात. त्याच्या एका प्रकारात तर कावीळ आणि गडद रंगाची लघवीही होते. बाहेरून बघून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हणून दवाखान्यात पहिलं वाक्य हे बोला: "अमुक तारखेला हा साचलेल्या पाण्यातून गेला होता, लेप्टोची लस अमुक महिन्यात झाली आहे." त्यानंतर गोचिड्यांचं सांगा. रक्ताची तपासणी करताना प्लेटलेटसोबत क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि लघवी तपासायची विनंती करा. भुऱ्याच्या वेळी क्रिएटिनिन बघितलं नसतं तर त्याला गोचीड तापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं.

लेप्टोची खात्री करायच्या तपासण्या तारखेवर अवलंबून असतात. पहिल्या आठवड्याभरात जिवाणू रक्तात असतो, नंतर मूत्रपिंडात जाऊन लघवीतून पडतो. त्यामुळे पीसीआर तपासणीसाठी रक्त आणि लघवी दोन्ही पाठवणं चांगलं, आणि नमुने प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यायच्या आधी घ्यायला हवेत. घरी दोन दिवस डॉक्सिसायक्लिन देऊन नेलं तर पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते आणि आजार मात्र असतो. दुसरी तपासणी अँटिबॉडीची. दवाखान्यात काही मिनिटांत होणारी पट्टीची चाचणीही याच जातीची. आजाराच्या पहिल्या दिवसांत अँटिबॉडी तयारच नसतात म्हणून ती निगेटिव्ह येते, आणि लस नुकतीच झाली असेल तर विनाकारण पॉझिटिव्ह. म्हणून मोठ्या प्रयोगशाळेत एक-दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन नमुने तपासतात आणि अँटिबॉडी चौपट वाढल्या का ते बघतात. एका निगेटिव्ह पट्टीवर निश्चिंत होऊ नका, आणि डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करत असतील तर त्यांना अडवू नका. भुऱ्याचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला. रक्त निगेटिव्ह, लघवी पॉझिटिव्ह. तोवर तीन दिवसांचं सलाइन होऊन गेलं होतं.

उलट्या होत असताना तोंडानं औषध टिकत नाही, म्हणून त्याला आधी शिरेतून पेनिसिलिनच्या जातीचं प्रतिजैविक दिलं. चार दिवस सलाइन चाललं आणि रोज किती शू झाली ते मोजलं, कारण मूत्रपिंड चालतंय की नाही हे त्यावरूनच कळतं. उलट्या थांबल्यावर डॉक्सिसायक्लिन सुरू झालं, १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. हा डोस त्याच्या वजनाला बसणारा होता, तुमच्या कुत्र्याचा डॉक्टर ठरवतील. चौदा दिवस पूर्ण करायचे कारण हेच औषध मूत्रपिंडातला जिवाणू काढतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून गोळी बंद केली तर तो लघवीतून जिवाणू टाकतच राहू शकतो.

गोळी देताना आपल्या घरांत एक चूक हमखास होते. कुत्रा गोळी थुंकतो म्हणून ती पेढ्यात, दह्यात किंवा पनीरमध्ये लपवतात. दुधातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला धरून ठेवतं आणि औषध पूर्णपणे अंगी लागत नाही. उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात किंवा भाताच्या लहान गोळ्यात द्या, आणि वर थोडं पाणी पाजा. गोळी कोरडीच घशात अडकली तर अन्ननलिका भाजल्यासारखी होते.

मूत्रपिंडाला मोठा मार बसला तर काही कुत्र्यांना डायलिसिस लागतं, आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. सगळे कुत्रे वाचत नाहीत. लवकर नेलेल्यांपैकी बरेच वाचतात.

घरातल्या माणसांसाठी

आजारी कुत्र्याच्या लघवीतून हा आजार आपल्याला होऊ शकतो. औषध सुरू झाल्यावर धोका झपाट्यानं कमी होतो, पण पहिले काही दिवस काटेकोर राहावं लागतं. भुऱ्याला आम्ही शूसाठी एकच जागा ठरवली, ऊन येणारी, पाणी न साचणारी आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब. घरात शू झाली तर हातमोजे घालून आधी जुन्या कागदानं टिपून घ्यायची आणि कागद पिशवीत बांधून टाकायचा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी करून फरशीवर ओतायचं, दहा मिनिटं राहू द्यायचं आणि पुसायचं. त्या जागेवर पाण्याचा फवारा मारू नका, शिंतोडे डोळ्यांत उडतात. ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. अंथरूण गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा.

घरात कोणी गरोदर असेल तर आजारी कुत्र्याची साफसफाई तिनं करू नये. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना कुत्र्याच्या आजाराबद्दल सांगा. माझ्या सासूबाईंना ताप आला तेव्हा आम्ही सांगितलं. त्यांच्या डॉक्टरांनी लगेच रक्त तपासलं, तो साधा व्हायरल निघाला.

भुऱ्याचं क्रिएटिनिन चोविसाव्या दिवशी १.७ वर आलं आणि अडीच महिन्यांनी १.४. मधल्या काळात दर दोन आठवड्यांनी रक्त आणि लघवी तपासली, कारण वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याचंही मूत्रपिंड मागे कमकुवत राहू शकतं. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, दुसऱ्या प्रकारचा लेप्टो होऊ शकतो. त्यामुळे बरा झाल्यावर डॉक्टरांनी त्याची लस नव्यानं सुरू करायला सांगितली. यंदाच्या कॅलेंडरवर १५ एप्रिल आणि ९ मे या दोन तारखांना लाल गोल आहेत.